तारा निघाला, आता आशा ठेवू का?

“ताई, माझं स्टारचं पान निघालंय. एकदा नाही, तीनदा. आता तरी आशा ठेवू ना?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. वय एकोणतीस, पुण्यात चांगली नोकरी. सात वर्षांचं नातं मार्चमध्ये मोडलं होतं आणि माझ्याकडे आली तेव्हा जुलैचा पाऊस लागला होता. (तिची ओळख पटेल अशा सगळ्या खुणा मी इथे बदलल्या आहेत.) ब्रेकअपनंतर तिनं टॅरोची गड्डी विकत आणली होती आणि रोज रात्री झोपण्याआधी ती तीन पानं काढत होती. प्रश्न रोज एकच असायचा: तो परत येईल का?

मी बरीच वर्षं टॅरो वाचते. ब्रेकअपनंतर जे लोक येतात त्यांना स्टारचं पान दिसलं की चेहऱ्यावर एकदम उजेड पडतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत या पानाखाली ‘आशा’ असा एकच शब्द असतो, त्यामुळे तसं होणं स्वाभाविक आहे. पण आशा कशाची, हे त्या पुस्तकांत नसतं. सुरुवातीच्या काळात मीही ते विचारत नसे. अशाच एका बाईंना मी हेच पान बघून “धीर धरा, गोष्टी जुळून येतील” असं सांगितलं होतं. त्यांनी त्या वाक्यावर वर्षभर वाट पाहिली. आलेली दोन चांगली स्थळं नाकारली आणि शेवटी त्या माणसाच्या लग्नाचे फोटो फोनवर बघितले. माझं ते वाक्य चुकीचं होतं, आणि ते का चुकीचं होतं हे कळायला मला ते पान पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं.

आज जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी गड्डी लंडनमध्ये 1909च्या अखेरीस छापली गेली. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचे हात. एकूण 78 पानं, त्यातली 22 मोठी, म्हणजे मेजर आर्काना. स्टार हे त्यातलं सतरावं. चित्रात रात्रीचं आकाश नाही, फिकट निळा रंग आहे. वर मध्यभागी आठ टोकांचा एक मोठा पिवळा तारा आणि भोवती सात छोटे पांढरे तारे. खाली एक विवस्त्र स्त्री तळ्याकाठी गुडघा टेकून बसली आहे. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पाण्यावर. दोन्ही हातांत सुरया आहेत. एकीतलं पाणी ती तळ्यात ओततेय, दुसरीतलं जमिनीवर, आणि जमिनीवरच्या पाण्याचे ओहोळ फुटून वाहतायत. मागे झाडावर एक पक्षी बसलाय.

मी तिच्या हातात पान दिलं आणि म्हटलं, “पुस्तक विसर. मला फक्त सांग, तुला काय काय दिसतंय.”

ती बघत राहिली. मग म्हणाली, “ही बाई ताऱ्याकडे बघतच नाहीये.”

खरंच बघत नाही. तिची मान खाली आहे, नजर पाण्यावर आहे. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली: या चित्रात दुसरं माणूस नाही. ज्या पानांचा विषय दोन माणसांचं जुळणं हा असतो, तिथे पामेलानं दोन माणसं काढली आहेत. लव्हर्समध्ये दोघं आहेत. टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर पेले धरून उभे आहेत. स्टारमध्ये मात्र ती एकटी आहे. जवळचं पाणी ओतायला तिच्याकडे दोन हात आहेत आणि ओतायला जागा आहे. पान उघडून “तो परत येणार” असं सांगणारा रीडर चित्रात नसलेला माणूस तिथे आणून बसवतो.

आता त्याच्या आधीचं पान बघा. सोळावं, टॉवर. उंच मनोऱ्यावर वीज पडलीय, माथ्यावरचा मुकुट उडालाय, आग लागलीय आणि दोन माणसं डोक्यावर खाली कोसळतायत. ब्रेकअपची पहिली रात्र ज्यानं काढलीय त्याला या पानाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या लगेच पुढे स्टार येतं. त्या स्त्रीच्या अंगावर काही नाही, कारण मनोऱ्याबरोबर सगळं गेलंय. त्यामुळे या पानातली आशा ही नुकसान होऊन गेल्यानंतरची आहे. नुकसान झालंच नाही असं भासवणारी ती नाही. मनोरा पुन्हा उभा राहील असं कुठे दिसत नाही. मागे आहेत ते झाड आणि डोंगर.

आणि पुढचं, अठरावं पान सूर्याचं नाही. ते चंद्राचं आहे. दोन मनोऱ्यांमधून जाणारी वाट, भुंकणारा कुत्रा, लांडगा, पाण्यातून वर येणारा खेकड्यासारखा जीव. संशय, भास, रात्रीचे खेळ. सूर्य एकोणिसावा. म्हणजे स्टारनंतरही रात्र शिल्लक आहे. ब्रेकअपनंतर पहिल्यांदा बरं वाटलेला दिवस येतो, आणि पुन्हा चार दिवस माणूस जमिनीवर पडून राहतो. माझ्याकडे आलेले कित्येक लोक या परतीच्या लाटेला घाबरून म्हणतात, “म्हणजे ते बरं वाटणं खोटं होतं का?” खोटं नव्हतं. पानांच्या क्रमातही सतरानंतर अठराच येतं.

वेट यांनी स्वतः या पानाचा भविष्यकथनातला अर्थ काय लिहिला होता, हे वाचून मी थक्क झाले होते. 1911च्या त्यांच्या पुस्तकात या पानाखाली आधी नुकसान, चोरी, उणीव, टाकून दिलं जाणं हे शब्द येतात. त्यानंतर, दुसऱ्या एका वाचनानुसार म्हणून, आशा आणि उजळ भवितव्य. पानाला नुसतं आशेचं पान म्हणून मोकळं होणं त्यांना आवडत नव्हतं, हेही ते तिथे नोंदवतात. आज आपण त्या यादीतला पहिला भाग विसरलोय आणि दुसरा तेवढा मिरवतोय. मला विचाराल तर दोन्ही भाग एकत्रच वाचायला हवेत. जिला टाकून दिलंय तिच्याच हातात हे पान अर्थपूर्ण आहे.

आशेचा धागा आला कुठून? 1781 मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानानं लिहिलं की हे पत्ते प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहेत, आणि या पानावरचा मोठा तारा म्हणजे आपण ज्याला व्याध म्हणतो तो. इजिप्तचा दावा चुकीचा होता. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ होता, आणि चित्रलिपी वाचता येऊ लागली ती त्याच्या लिहिण्यानंतर चाळीस वर्षांनी. पण व्याधाची कल्पना टिकली. इजिप्तमध्ये हा तारा सुमारे सत्तर दिवस दिसेनासा होई आणि मग एका पहाटे सूर्योदयाच्या आधी पुन्हा उगवे. त्याच सुमारास नाईलला पूर येई. पूर ताऱ्यामुळे येत नसे. तो वरच्या डोंगरांतल्या पावसामुळे येई. तारा फक्त वेळ सांगे. आणि बी पेरायचं ते पाणी ओसरल्यावर, गाळात, शेतकऱ्यानं स्वतः.

हे सगळं मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. ती थकली होती. मी आधी तिच्या ‘तीनदा’बद्दल बोलले, कारण तिचा सगळा भार त्यावर होता.

“किती रात्री पानं काढलीस?”

“चाळीसेक.”

कागद घेऊन आम्ही दोघींनी हिशोब केला. 78 पानांतून तीन काढली तर ठरावीक एक पान त्यात असण्याची शक्यता 26 पैकी एक. चाळीस रात्री हेच केलं तर स्टार एकदा तरी दिसण्याची शक्यता जवळजवळ पाचात चार. आणि तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा दिसेल असं पाचात एका माणसाच्या बाबतीत घडेल. कोणाला परत येणारा प्रियकर असो वा नसो. टॉवर किती वेळा निघालं, ते तिला आठवत नव्हतं. त्या रात्री तिनं पानं पुन्हा पिसून नव्यानं काढली होती. इथे गाडी कुठे घसरते ते ओळखणं सोपं आहे: नको ते पान आल्यावर ‘आणखी एक काढते’ असं हात म्हणू लागला की गड्डी उत्तर देत नाही, आपणच आपलं उत्तर निवडत असतो. म्हणून माझा एक नियम आहे. एका प्रश्नाला एकदाच मांडणी, आणि परिस्थितीत खरोखर काही बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा नाही.

तिला आणखी कोणीतरी तारीखही दिली होती. “तो फेब्रुवारीपर्यंत येईल, स्टार म्हणजे कुंभ रास.” एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळानं मोठ्या पानांना ग्रह आणि राशी जोडल्या, त्यात स्टारला कुंभ मिळाली. ते खरं आहे. पण ती कुंभ सायन पद्धतीची. त्या हिशोबानं सूर्य कुंभेत साधारण 20 जानेवारी ते 18 फेब्रुवारी असतो. आपल्या पंचांगातला सूर्य कुंभेत शिरतो तोच फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास आणि मार्चच्या मध्यापर्यंत राहतो. दोन हिशोबांत जवळजवळ एका महिन्याचा फरक पडतो. पानावरून तारीख काढून ती एखाद्या दुखावलेल्या माणसाच्या हातात देणं मला क्रूर वाटतं. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात त्याचं काय होतं, ते मी पाहिलंय.

मग आम्ही मांडणी केली. केल्टिक क्रॉस, दहा पानांची. ही मांडणी वेट यांच्याच पुस्तकातून लोकप्रिय झाली, आणि तिची एक खासियत या प्रश्नासाठी फार कामाची आहे. तिच्यात नववी जागा ‘आशा किंवा भीती’ची असते आणि दहावी ‘पुढे काय’ची. दोन्ही जागा शेजारी, पण वेगळ्या. प्रश्न मात्र मी बदलून घेतला. “तो परत येईल का” या प्रश्नात सगळी सूत्रं त्याच्या हाती असतात, आणि तो माणूस या टेबलाशी नाही. आम्ही विचारलं: “या नात्यानंतर मी कशाची आशा धरू शकते?”

सगळी दहा पानं सांगत बसत नाही. चारच सांगते.

पहिल्या जागी, म्हणजे आजच्या स्थितीवर, फाइव्ह ऑफ कप्स. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन उभे आहेत, आणि थोड्या अंतरावर नदीवर पूल आहे. ती म्हणाली, “हे मीच.” मी विचारलं, मागचे दोन पेले कुठले? बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाली, “आई. आणि कथ्थक. चार वर्षं झाली क्लास सोडून.” माझ्या मते त्या तासाभरातलं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर होतं, आणि ते पानात नव्हतं. ते तिच्यात होतं. पानानं फक्त मान वळवायला जागा दिली.

सहाव्या जागी, नजीकच्या काळात, फोर ऑफ स्वोर्ड्स. दगडी थडग्यावर हात जोडून पहुडलेला योद्धा. पहिल्यांदा बघणारे लोक दचकतात, पण वेट यांनी या पानाला निवांतपणा, एकांत, माघार असेही शब्द दिलेत. ती त्या काळात रात्री तीनपर्यंत त्याचं ‘लास्ट सीन’ बघत बसायची. त्यामुळे या पानाखाली आम्ही अगदी साधी गोष्ट लिहिली: दहा वाजता फोन दुसऱ्या खोलीत.

नवव्या जागी तेच. स्टार.

ती हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा.” मी म्हटलं, “बघतेय. पण कुठल्या जागी आलंय ते तूही बघ.” नवव्या जागी आलेलं पान काय घडणार हे सांगत नाही. तू कशाची वाट बघतेयस आणि कशाला घाबरतेयस, ते दाखवतं. तेच पान दहाव्या जागी आलं असतं तर मी वेगळं वाचलं असतं: ही घटना तुला कायमची कोरडी करून जाणार नाही, झरा आत आहे, असं. तेव्हाही मी “तो येईल” म्हटलं नसतं. मी तिला विचारलं, “तुला भीती कशाची वाटते?” ती म्हणाली, “तो येणार नाही याची.” आणि थोडं थांबून, “आणि मला त्याच्याशिवाय बरं वाटेल याचीही. मग ती सात वर्षं कशासाठी होती?”

आशा आणि भीती एकाच जागी का ठेवल्यात, हे मला त्या वाक्यानं जितकं समजलं तितकं कुठल्या पुस्तकानं नाही.

दहाव्या जागी एट ऑफ कप्स. आठ पेले दोन थरांत रचलेत, वरच्या थरात एक जागा रिकामी. लाल झग्यातला माणूस काठी घेऊन त्यांच्याकडे पाठ करून डोंगराकडे निघालाय. पेले फुटलेले नाहीत, सांडलेले नाहीत. तरी तो निघालाय. मी हे पान “असंच होईल” म्हणून वाचलं नाही. पत्ते पिसले तेव्हा ते योगायोगानं वर आले. मी तिला विचारलं, हे चित्र बघून पोटात काय होतं? ती म्हणाली, “दमल्यासारखं. पण हलकं.”

तरीही तिचा मूळ प्रश्न टेबलावर होताच: आशा रास्त आहे का? आणि त्याचं उत्तर पानांतून काढणं अप्रामाणिक ठरलं असतं. तो प्रश्न घडलेल्या गोष्टींवरून तपासावा लागतो. म्हणून गड्डी बाजूला ठेवून मी विचारलं की तो शेवटचं काय बोलला. शब्द तेच सांग, अर्थ नको. तिला शब्द पाठ होते. “मला हे नातं पुढे न्यायचं नाही, आणि हे माझं विचार करून ठरलंय.” त्यानंतर चार महिन्यांत त्यानं स्वतःहून काय केलं? सामान नेलं. वाढदिवसाला दोन शब्दांचा मेसेज पाठवला. भेटायचं म्हटलं? नाही. चुकलं म्हटलं? नाही. तिनं दोनदा भेटू म्हटलं तेव्हा? नको म्हणाला.

परत येण्याची आशा रास्त असू शकते, असं मी काही वेळा पाहिलंय. पण तिथे दुसऱ्या माणसानं स्वतः दार उघडलेलं असतं: भेटीला येतो, काय मोडलं त्यावर बोलतो, समुपदेशकाकडे जाऊ म्हणतो. तिथे पान न काढताही आशा दिसते. जिथे दार त्यानं शब्दांत बंद केलंय, तिथे स्टार तीनदा निघो की तीसदा, दाराला फरक पडत नाही. मी तिला तसंच सांगितलं. सांगताना माझा आवाज स्थिर नव्हता.

ती बराच वेळ रडली. मी पाणी दिलं. अशा वेळी मी आणखी दोन गोष्टी आवर्जून विचारते: जेवतेस का, आणि जगणं नको असं वाटतं का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर माझं काम तिथेच संपतं आणि गड्डी पेटीत जाते. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, तिथे मराठीतही बोलता येतं. तो नंबर मी लावून देते आणि घरच्या कोणालातरी बोलावते. तिचं उत्तर ‘नाही’ होतं. जेवण मात्र धड नव्हतं.

कोणी विचारतात, पान उलटं निघालं तर? वेट यांच्या यादीत उलट्या स्टारखाली उद्धटपणा आणि हतबलता हे शब्द आहेत. आजचे बरेच रीडर तिथे निराशा वाचतात. मी सुरयांकडे बघते. चित्र उलटं केलं की पाणी त्या स्त्रीकडेच परत वाहताना दिसतं. सगळी आशा एका माणसात साठवून ठेवलेल्यांना मी तेवढंच दाखवते.

निघताना तिनं स्टारचं पान पुन्हा मागून घेतलं. विचारलं, “ही जमिनीवर का ओततेय? तळं तर समोर आहे.” मी म्हटलं, मला वाटतं, तळ्यात आधीच पाणी आहे म्हणून. जमीन कोरडी आहे. तिनं पर्स उघडली तेव्हा किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. त्यात एक पितळी किल्ली वेगळी होती. त्याच्या फ्लॅटची. त्यानं परत मागितली नव्हती, म्हणून तिनं दिली नव्हती, आणि चार महिने ती किल्ली म्हणजेच तिला पुरावा वाटत होता.

त्याबद्दल मी काहीच बोलले नाही.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. किल्ली कुरिअरनं पाठवली, सोबत चिठ्ठी नाही. पावती घेतल्यावर ऑफिसच्या जिन्यात बसून खूप रडले. घरी आईनं पिठलं केलं होतं, दोन भाकऱ्या खाल्ल्या. शनिवारी क्लासला जाऊन आले, पाय भयंकर दुखतायत.